विश्लेषण : जुने छायाचित्र नेमके कुठले? पाट्या, इमारती आणि सावल्यांवरून जागा कशी शोधतात?

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये दुसरे महायुद्ध संपल्याच्या आनंदात एका खलाशाने पांढऱ्या गणवेशातील तरुणीचे चुंबन घेतले. अल्फ्रेड आयझेनश्टाट यांनी टिपलेले ते छायाचित्र जगभर गाजले, पण त्यात नेमके कोण आहे हा वाद अनेक दशके चालला. या वादात २०१५मध्ये एका भौतिकशास्त्रज्ञाने उडी घेतली, आणि तीही चेहऱ्यांकडे न बघता. मागच्या इमारतीवर पडलेल्या एका सावलीवरून त्यांनी सांगितले की, हे छायाचित्र सायंकाळी ५ वाजून ५१ मिनिटांनी काढलेले आहे. ही वेळ कशी निघाली आणि घरातील जुन्या छायाचित्राची जागा शोधताना हीच रीत कशी वापरता येते, याविषयी…

वाद नेमका काय होता?

छायाचित्र १४ ऑगस्ट १९४५चे. त्या दिवशी जपानने शरणागती पत्करल्याची बातमी येऊ लागताच लोक टाइम्स स्क्वेअरमध्ये जमले. ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी काम करणारे आयझेनश्टाट गर्दीत फिरत होते. त्यांनी या जोडीची लागोपाठ चार छायाचित्रे काढली, पण गडबडीत नावे विचारायची राहिली. ‘लाइफ’ने त्यातील एक छापले. १९८०मध्ये ‘लाइफ’नेच ‘तुम्हीच ते असाल तर पुढे या’ असे आवाहन केले, तेव्हा ११ पुरुष आणि ३ महिला पुढे आल्या. प्रत्येकाच्या आठवणीत त्या दिवसाची वेगळी वेळ होती. कोणाला दुपारचे आठवत होते, कोणाला संध्याकाळचे. त्यामुळे ‘कोण’ या प्रश्नाआधी ‘कधी’ हा प्रश्न सोडवणे भाग होते. आणि ‘कधी’चे उत्तर सावलीकडून घ्यायचे, तर छायाचित्रकार कुठे उभा होता आणि मागच्या इमारती कोणत्या, हे आधी ठरवावे लागत होते.

सावलीचा हिशेब असा आहे की जागा, दिशा आणि वेळ या तिन्हींपैकी दोन कळल्या की तिसरी काढता येते. टाइम्स स्क्वेअरच्या बाबतीत जागा आणि दिशा इमारतींनी दिली, म्हणून वेळ मिळाली. घरातल्या जुन्या छायाचित्राबाबत अनेकदा उलटे असते. वेळेचा अंदाज असतो, आणि त्यावरून रस्त्याची दिशा काढून जागेपर्यंत पोहोचायचे असते.

पाट्यांवरून काय कळले?

छायाचित्रात उजवीकडे ‘बाँड’ या कपड्यांच्या दुकानाची पाटी आणि त्याचे घड्याळ दिसते. आता ‘बाँड’ ही साखळी होती, अमेरिकेतल्या अनेक शहरांत तिची दुकाने होती. म्हणजे नुसत्या नावावरून शहरही ठरत नाही. पाटीच्या शोधात पहिली फसगत इथेच होते. नाव वाचता आले की शोध संपला असे वाटते. प्रत्यक्षात नाव केवळ शक्यतांची यादी देते. त्या यादीतली कोणती शाखा, हे पाटीचा आकार, ती कोणत्या मजल्यावर लावली आहे आणि शेजारी काय आहे, यावरून ठरते. ब्रॉडवेवरचे ‘बाँड’ ४४व्या आणि ४५व्या रस्त्यांच्या दरम्यान, पूर्वेच्या बाजूला होते. त्याच्या पुढच्या चौकात लोव्ह्ज स्टेट ही उंच इमारत. या दोन्ही इमारती ज्या क्रमाने आणि ज्या कोनातून दिसतात, त्यावरून कॅमेरा ४५व्या रस्त्याच्या किंचित दक्षिणेला होता आणि त्याचे तोंड उत्तरेकडे होते, हे निश्चित होते.

त्याच क्षणी अमेरिकी नौदलाचे छायाचित्रकार व्हिक्टर जॉर्गेन्सन यांनीही थोड्या वेगळ्या कोनातून तीच जोडी टिपली होती. चौकट अधिक जवळची असल्याने त्यात मागचा परिसर फारसा आलेला नाही. क्षण तोच, माणसे तीच, पण जागेच्या शोधाला आयझेनश्टाट यांचेच छायाचित्र उपयोगी पडते. शोध घेणाऱ्याला हवे असते ते बहुधा छायाचित्रकाराला नको असलेले, म्हणजे कडेला राहिलेली पाटी, अर्धवट छत, विजेचा खांब. अल्बममधली छायाचित्रे स्कॅन करताना कडा ‘स्वच्छ’ करण्यासाठी कापू नयेत, त्याचे कारण हेच.

इमारतींवरून उभे राहण्याची जागा कशी काढतात?

युक्ती साधी आहे. समोर दोन इमारती आहेत, एक जवळ आणि एक लांब. छायाचित्रात जवळच्या इमारतीची कड लांबच्या इमारतीच्या बरोबर तिसऱ्या खिडकीवर येते असे समजा. नकाशावर ती कड आणि ती खिडकी जोडणारी रेघ काढून पुढे वाढवली, तर कॅमेरा त्या रेघेवरच कुठे तरी असला पाहिजे. छायाचित्राच्या दुसऱ्या बाजूला अशीच आणखी एक जोडी शोधून दुसरी रेघ काढायची. दोन रेघा जिथे छेदतात तिथे छायाचित्रकाराचे पाय होते. तिसरी रेघही त्याच बिंदूतून गेली, तर इमारती बरोबर ओळखल्या आहेत. ती दहा-पंधरा मीटर बाजूला गेली, तर बहुधा एखादी इमारत चुकीची धरली आहे. ही तिसरी रेघ म्हणजे गणिताचा ताळा, आणि हौशी शोधक नेमकी तीच काढत नाहीत.

अडचण येते ती इमारती पाडल्या गेल्यावर. टाइम्स स्क्वेअरमधले ‘बाँड’ गेले, लोव्ह्ज स्टेट इमारत गेली आणि या कथेत सर्वांत महत्त्वाचे ठरलेले हॉटेल अॅस्टरही १९६०च्या दशकाच्या अखेरीस पाडले गेले. आजचे उपग्रह नकाशे इथे निरुपयोगी. टेक्सास स्टेट विद्यापीठातील डोनाल्ड ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळातील शेकडो छायाचित्रे आणि नकाशे जमवले, इमारतींची मापे काढली आणि चौकाची लहान प्रतिकृतीही बांधली.

सावली कशाची होती?

छायाचित्रात लोव्ह्ज इमारतीच्या दर्शनी भिंतीवर एक सावली पडलेली दिसते. ती कशाची, हा कळीचा प्रश्न होता. सूर्य पश्चिमेकडे असेल तर सावली टाकणारी वस्तू रस्त्याच्या पश्चिमेला हवी. तिथे हॉटेल अॅस्टर होते. त्याच्या गच्चीवरील उपाहारगृहाची जाहिरात करणारी एक मोठी पाटी छतावर उभी होती. तिचा आकार उलट्या इंग्रजी ‘एल’सारखा होता. ओल्सन यांच्या गटाने जुन्या छायाचित्रांत ही पाटी शोधली आणि सावलीचा आकार तिच्याशीच जुळतो हे दाखवले. म्हणजे दुकानाच्या पाटीने जागा दिली आणि हॉटेलच्या पाटीने घड्याळाचे काम केले.

पाटीचे टोक आणि भिंतीवरील तिच्या सावलीचे टोक हे दोन बिंदू नकाशावर आणि उंचीत ठरले, की त्यांना जोडणारी रेषा थेट सूर्याकडे जाते. ती रेषा सांगत होती की सूर्य जवळपास नेमका पश्चिमेला आणि क्षितिजापासून साधारण साडेबावीस अंशांवर होता. इतक्या खाली आलेल्या सूर्यात वस्तूची सावली तिच्या उंचीच्या जवळपास अडीच पट लांब पडते. त्यामुळेच ती रुंद चौक ओलांडून पलीकडच्या भिंतीवर चढली.

इथे एक गोष्ट खटकते. सूर्य बरोबर पश्चिमेला असेल तर सावली समोरच्या भिंतीवर पडायला हवी. मग ४४व्या आणि ४५व्या रस्त्यांमधल्या अॅस्टरची सावली पुढच्या चौकातल्या लोव्ह्जवर कशी? कारण मॅनहॅटनचे रस्ते होकायंत्राप्रमाणे नाहीत. तिथले उभे मार्ग उत्तरेपासून सुमारे २९ अंश पूर्वेकडे वळलेले आहेत. ज्याला न्यूयॉर्ककर ‘उत्तर’ म्हणतात ती खरी ईशान्येकडे कललेली आहे. त्यामुळे खऱ्या पूर्वेकडे जाणारी सावली रस्त्याच्या हिशेबाने तिरकी, ‘वरच्या’ चौकात जाते. रस्त्यांच्या नावातल्या किंवा बोलण्यातल्या दिशांवर विसंबले असते, तर सगळा हिशेब अडीचएक तासाने चुकला असता.

५ वाजून ५१ मिनिटे, ती कशी?

न्यूयॉर्कचा अक्षांश आणि १४ ऑगस्ट ही तारीख माहीत असेल, तर सूर्य पश्चिम दिशेला किती वाजता येतो हे पंचांगाच्या गणिताने काढता येते. उत्तर आले सायंकाळी ५:५१. या वेळेत युद्धकाळाची एक खोच आहे. तेव्हा अमेरिकेत घड्याळे एक तास पुढे ठेवली होती. तो तास विसरला असता तर उत्तर ४:५१ निघाले असते. ‘बाँड’च्या घड्याळाचा मिनिटकाटा दहाच्या आसपास, म्हणजे पन्नास मिनिटांवर दिसतो. तासकाटा तिरप्या कोनामुळे पटकन वाचता येत नाही. सावलीने तास सांगितला आणि घड्याळाने मिनिटांना दुजोरा दिला. ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकाच्या ऑगस्ट २०१५च्या अंकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. ओल्सन यांच्यासह रसेल डोएशर आणि आयोवा स्टेट विद्यापीठातील स्टीव्हन कवालर हे त्याचे लेखक.

हा ‘५१’चा आकडा किती घट्ट धरायचा? त्या वेळी तिथला सूर्य साधारण दर पाच मिनिटांना एक अंश खाली उतरतो. म्हणजे मोजमापात एका अंशाची चूक झाली तर वेळ पाच मिनिटांनी हलते. त्यामुळे मिनिटावर भांडण्यात अर्थ नाही. मात्र काही दावेदारांची कथा दुपारी दोनच्या सुमाराची होती, आणि ती या चुकीच्या मर्यादेत बसत नाही. दुपारी दोनला सूर्य ६० अंशांवर, नैर्ऋत्येच्याही दक्षिणेला होता. त्या वेळी सावल्या लांबीने उंचीच्या निम्म्याहून थोड्या जास्त, आणि चौक ओलांडण्याऐवजी साधारण सेव्हन्थ अॅव्हेन्यूच्याच रेषेत पडत होत्या. अॅस्टरच्या पाटीची सावली तेव्हा पलीकडच्या लोव्ह्जपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते.

अध्यक्ष ट्रुमन यांनी शरणागतीची अधिकृत घोषणा सायंकाळी सातला केली. म्हणजे छायाचित्र त्या घोषणेच्या तासभर आधीचे आहे. अफवा आणि बातम्यांवरच लोक रस्त्यावर आले होते. वाद मात्र संपला नाही. दुपारची वेळ सांगणारी जोडीच खरी, असे मानणारे अजूनही आहेत. माणसे पन्नास वर्षांनी वेळ चुकीची सांगू शकतात, असा त्यांचा युक्तिवाद. तो पूर्ण टाकाऊ नाही. सावलीने त्यांच्या सांगण्यातली वेळ खोडली आहे, चेहरे तिने तपासलेले नाहीत.

घरातल्या जुन्या छायाचित्रावर हे कसे लावायचे?

आता मुंबईतले एक उदाहरण घेऊ. समजा, आजोबांच्या पेटीत रस्त्यावरचे एक छायाचित्र सापडले. मागे काही लिहिलेले नाही. दुकानाच्या पाटीवर नाव अर्धवट, पण खाली ‘बॉम्बे ४’ वाचता येते. वरच्या एका खिडकीत गुढी उभारलेली आहे.

‘बॉम्बे ४’ हा जुना टपाल विभाग. पिनकोड १९७२मध्ये आले, तेव्हा मुंबईच्या विभागांचे क्रमांक त्यांच्या शेवटच्या आकड्यांत सामावले गेले. म्हणून ‘बॉम्बे ४’ म्हणजे आजचे ४००००४, अर्थात गिरगाव आणि परिसर. ‘बॉम्बे २८’ असते तर दादर. एवढ्या एका आकड्याने सबंध शहर एका वस्तीवर येते. पाटी १९७२पूर्वी रंगवलेली असावी इतकेही कळते, मात्र छायाचित्र त्यापूर्वीचेच असेल असे नाही. दुकानदार पाटी वीस-वीस वर्षे बदलत नाहीत. पाटी ‘याच्या आधी नाही’ हे खात्रीने सांगते, ‘याच्या नंतर नाही’ हे सांगताना ती कच्ची साक्षीदार असते. नंतरची मर्यादा नाहीशा झालेल्या गोष्टी देतात. ट्रामची तार आणि रूळ वापरात दिसत असतील, तर छायाचित्र मार्च १९६४च्या आधीचे, कारण तेव्हा मुंबईची ट्राम बंद झाली.

गुढीने महिनाही दिला. पाडवा मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कधी तरी येतो. आता सावली. फुटपाथवर उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीइतकीच दिसत असेल, तर सूर्य ४५ अंशांवर आहे. मुंबईत मार्चअखेर हे दिवसातून दोनदा होते. सकाळी दहाच्या किंचित आधी आणि दुपारी साडेतीननंतर. सकाळी असेल तर सावली पश्चिमेकडे, जरा उत्तरेला झुकलेली पडते. दुपारी असेल तर पूर्वेकडे, तशीच उत्तरेला झुकलेली. दोन्ही वेळा ती साधारण पूर्व-पश्चिम रेषेतच राहते. म्हणजे छायाचित्रात सावली रस्त्याच्या कडेने लांबवर जात असेल तर रस्ता पूर्व-पश्चिम आहे, आणि ती रस्ता आडवा कापत असेल तर रस्ता दक्षिणोत्तर आहे. गिरगाव रोड साधारण दक्षिणोत्तर जातो आणि ठाकूरद्वार रोड त्याला छेदतो. सावलीने त्यातला एक बाद केला की पायी फिरून शोधायचे अंतर निम्म्याने कमी झाले.

सकाळ की दुपार, हे मात्र सावली एकटी सांगत नाही. सकाळी दक्षिणेकडे तोंड करून काढलेले आणि दुपारी उत्तरेकडे तोंड करून काढलेले छायाचित्र सावलीच्या हिशेबाने जवळपास सारखेच दिसते. तिथे ओळखीची एखादी इमारत, चर्चचा मनोरा किंवा भिंतीवरचे घड्याळच निकाल देते.

हे गणित हाताने करायची गरज नाही. `suncalc.org` सारख्या संकेतस्थळावर जागा, तारीख आणि वेळ टाकली की सूर्याची दिशा आणि उंची दिसते. त्याच तारखेला सूर्य दरवर्षी जवळपास त्याच मार्गाने जातो, त्यामुळे वर्ष नेमके माहीत नसले तरी चालते.

मुंबई-पुण्यात कुठे फसायला होते?

युरोप-अमेरिकेतल्या मार्गदर्शिका सांगतात की दुपारची सावली नेहमी उत्तरेकडे पडते, त्यावरून दिशा ओळखा. महाराष्ट्रात हा नियम वर्षभर चालत नाही. ‘शून्य सावली दिवस’ आपल्याला बातम्यांतून माहीत आहेच. मुंबईत तो मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस येतो. या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. त्यातला बराच काळ पावसाळी ढगांत जातो आणि सावलीच नसते हे खरे, पण मेअखेरीची लग्ने आणि सुटीतली छायाचित्रे नेमकी याच फटीत सापडतात.

दुसरी फसगत वेळेची. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बहुतेक दिवशी साडेबारा उलटून गेलेले असतात, कारण भारतीय प्रमाणवेळ मुंबईच्या स्थानिक वेळेच्या सुमारे ३९ मिनिटे पुढे आहे. त्यात १९०६मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईत जुनी ‘बॉम्बे टाइम’ अनेक वर्षे, १९५५पर्यंत, चालू राहिली. शिवाय महायुद्धाच्या काळात १९४२ ते १९४५मध्ये भारतातही घड्याळे एक तास पुढे केली होती. १९४४च्या छायाचित्रातील मनोऱ्याच्या घड्याळात दहा वाजलेले दिसले, तर ते कोणत्या पद्धतीचे दहा, हे ठरवल्याशिवाय सावलीशी ताडून बघू नये.

आणि सगळ्याच्या आधी, छायाचित्र उलटे छापलेले नाही ना, हे तपासावे. निगेटिव्ह पालथी ठेवली की डावे-उजवे बदलते, सावलीची दिशा बदलते आणि वरच्या सगळ्या रेघा चुकतात. पाटीवरची अक्षरे असतील तर लगेच कळते. ती नसतील तर पुरुषांच्या शर्टाची बटणे बघतात. ती घालणाऱ्याच्या उजव्या बाजूच्या पट्टीवर शिवलेली असतात. पदरावरूनही अंदाज बांधला जातो, कारण तो डाव्या खांद्यावर असतो. पण गिरगाव-भुलेश्वरच्या गर्दीत गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पदर पुढे घेतलेल्या बायकाही असतात. त्यामुळे एकट्या पदरावर निकाल न देता बटणे आणि मनगटावरचे घड्याळही पाहिलेले बरे.